दहा मिनिटं पुढे

वसुमती पाटील यांच्या घरी कुणी नवा पाहुणा आला की हमखास गडबडून जायचा. स्वयंपाकघरातलं घड्याळ एक वेळ सांगायचं आणि पाहुण्याच्या मनगटावरचं दुसरी. मग त्यांचे यजमान, सूर्यकांतराव, पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "घाबरू नका, गाडी चुकली नाही तुमची. हिचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. मी रेल्वेत असून माझ्याच घरात बरोबर वेळ सांगणारं घड्याळ नाही."

सूर्यकांतराव डहाणू रोड स्टेशनात असिस्टंट स्टेशन मास्तर होते. एक मिनिट इकडेतिकडे झालं तर वहीत कारण लिहावं लागणारा माणूस. वसुमतीबाईंचं शास्त्र वेगळं होतं. आईकडून आलेलं. चिखल्याला माहेरी, वाडीतल्या घरात, भिंतीवरचं घड्याळ कायम पुढे असायचं. चार भावंडांना शाळेला पिटाळायचं तर दुसरा इलाज नव्हता. आपण मुद्दाम पुढे केलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी काटा पाहिला की पाय उचलतातच. वसुमतीबाईंनी ही युक्ती सासरी आणली, मुलांवर चालवली, आणि तिच्यापायी कधी कुणाचं नुकसान झालेलं पाहिलं नाही. निदान शहाण्णव सालापर्यंत तरी नाही.

त्या तलासरीला एका ट्रस्टच्या दवाखान्यात कारकून होत्या. रोज सकाळी डहाणूहून एस.टी.ने जायचं, संध्याकाळी पाचच्या एस.टी.ने परत. दवाखाना छोटा होता: एक डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस, एक नर्स, एक आया आणि वसुमतीबाई. रक्ताच्या काचा तिथं तपासल्या जात नसत. तापाचा माणूस आला की बोटातून थेंब घ्यायचा, काचेवर पसरायचा, थोड्याशा गोळ्या देऊन घरी पाठवायचं. काचा दुपारच्या जीपने ट्रस्टच्याच डहाणूच्या हॉस्पिटलात जायच्या. तिथल्या लॅबमध्ये मलेरिया निघाला तर रिपोर्ट यायचा आणि मग त्या माणसाला शोधून गोळ्यांचा पूर्ण डोस द्यायचा. पावसाळ्यात तलासरीच्या पाड्यांवर ताप म्हणजे घरटी पाहुणा. रिपोर्टवर सगळं अवलंबून.

पूर्वी रिपोर्टचे कागद जीपनेच परत यायचे; कधी भिजून, कधी ड्रायव्हरच्या सीटखाली चार दिवस राहून. पंचाण्णव साली ट्रस्टच्या एका देणगीदाराने दोन्हीकडे कॉम्प्युटर दिले आणि कागद बंद झाले. वापीहून यतीन नावाचा इंजिनियर आला. पोरगेलासा, बोलघेवडा, निम्मं मराठी निम्मं गुजराती बोलणारा. त्याने टेलिफोनला एक डबी जोडली, प्रोग्राम बसवला आणि वसुमतीबाईंना शेजारी बसवून शिकवलं.

"मासी, रोज चार वाजता हे बटन दाबायचं. आपलं मशीन डहाणूच्या मशीनला फोन लावणार. एकच सवाल विचारणार: मागच्या वेळी मी घेऊन गेलो, त्यानंतर तुझ्याकडे नवीन काय आलं? ते जेवढं देईल तेवढं घेणार. काम संपलं की आपल्या घड्याळात वाजले असतील तेवढे लिहून ठेवणार. उद्या त्याच्या पुढचं मागणार. बस."

"म्हणजे पोथीत मोरपीस ठेवतो तसं," वसुमतीबाई म्हणाल्या. "आज इथपर्यंत वाचलं, उद्या इथून पुढे."

"एकदम बरोबर! मासी, तुम्हीच शिकवा आता सगळ्यांना."

डहाणूच्या लॅबमध्ये शैलेश नावाचा टेक्निशियन होता. तो एकेक निकाल टाइप करायचा, आणि त्या निकालावर डहाणूच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची वेळ आपोआप उमटायची. त्या वेळेवरूनच डहाणूचं मशीन ठरवायचं की कोणता निकाल नवा आणि कोणता जुना. इतकी साधी गोष्ट. वर्षभर बिनबोभाट चालली.

मग तलासरीच्या कॉम्प्युटरमधला घड्याळाचा सेल संपला. रात्री यंत्र बंद केलं की ते वेळ विसरायचं आणि सकाळी सुरू करताना विचारायचं, आज तारीख काय, आता वाजले किती. यतीनला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या खेपेला सेल घेऊन येतो मासी, तोपर्यंत रोज टाइप करा." पुढची खेप काही येईना. वसुमतीबाई रोज सकाळी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवून पाहायच्या आणि वेळ टाइप करायच्या. त्यात काही बिघडत नव्हतं, कारण भिंतीवरचं घड्याळ तेव्हा बरोबर होतं.

ते पुढे गेलं जुलैत. नर्स मुक्ता नुकतीच लग्न होऊन डहाणूजवळच्या नरपडला आलेली. एका संध्याकाळी पट्ट्या बांधता बांधता तिची पाचची एस.टी. चुकली. अच्छाड नाक्याकडून येणाऱ्या ट्रकांना हात करत ती हायवेला उभी राहिली आणि कशीबशी अंधार पडल्यावर घरी पोचली. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले. सासूने उंबऱ्यातच उभं करून विचारलं होतं, ट्रकवाल्यांबरोबर फिरायला नोकरी करतेस का म्हणून.

"रडू नकोस गं," वसुमतीबाई म्हणाल्या. "यावर औषध आहे माझ्याकडे." त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.

आया बारकी खाली स्टूल धरून उभी होती. उंच, काटक बाई, तोंडात कायम तंबाखू. ती हसली. "बाय, असा करून दिस लवकर मावलेल काय?"

"दिवस नाही मावळणार, पण मुक्ताची एस.टी. नाही चुकणार."

आणि खरोखरच चुकली नाही. दुसऱ्या सकाळी कॉम्प्युटरने वाजले किती म्हणून विचारलं. वसुमतीबाईंनी नेहमीसारखी मान वळवली, भिंतीवर पाहिलं आणि टाइप केलं.

त्या पावसाळ्यात तलासरीचा मलेरिया कमी झाला.

सगळ्यांना हायसं वाटलं. पॉझिटिव्ह रिपोर्ट येत होते, नाही असं नाही, पण आठवड्याला एखादा, फार तर दोन. गेल्या पावसाळ्यात मुक्ताच्या आधीची नर्स पाड्यापाड्यांवर फिरून थकली होती. या वर्षी मुक्ताला दुपारी स्वेटर विणायला वेळ मिळत होता. ट्रस्टचे सेक्रेटरी येऊन गेले, फवारणीचा परिणाम दिसतोय म्हणाले, पेढे देऊन गेले. शैलेश मात्र एकदा फोनवर चेष्टेनं म्हणाला, "वसुमतीताई, हल्ली चारच्या आधीच फोन खणखणतो तुमचा. घरी जायची एवढी घाई?"

"चारच्या आधी कशाला? चारच्या ठोक्याला बटण दाबते मी."

"बरं बाबा, तुमचे चार तर चार. पण माझा चहा गार होतो ना!"

या चहाला कारण होतं. शैलेशचा दिवस ठरलेला होता. ज्या काचांत काही नसे, त्यांचे निकाल तो सकाळपासून जमेल तसे टाइप करत जाई. ज्यात मलेरिया दिसे, त्या काचा बाजूला. त्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दुपारी स्वतः पाहून सही केल्याशिवाय पुढे जात नसत. तोवर चारचा फोन यायची वेळ होई. टाइप करता करता फोन आला की अर्धवट लिहिलेलं सगळं पुसून जायचं, आणि फोन चालू असेपर्यंत यंत्राला हात लावता यायचा नाही. म्हणून तो शहाणपणाने थांबायचा, चहा प्यायचा, आणि फोन संपला रे संपला की सही झालेले निकाल भराभर टाइप करून टाकायचा. उद्याच्या फोनला जातील, या हिशोबाने. कागदांच्या दिवसांत असे निकाल तो फोनवर तोंडीही सांगत असे. कॉम्प्युटर आल्यापासून ते सोडलं होतं. दोनदा कशाला?

ऑगस्टच्या शेवटी बारकीच्या चिमीला ताप आला.

चिमी बारकीची एकुलती एक. लग्न होऊन शेजारच्याच पाड्यावर दिलेली, पण पहिलटकरीण म्हणून आईकडे आली होती. सहावा महिना. बारकी तिला घेऊन आली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांनी तिची मस्करी केली. मुक्ता म्हणाली, "मुलगा झाला तर नाव मी ठेवणार." चिमी पदर तोंडात धरून हसली. तिच्या बोटातून थेंब घेतला, काचेवर नंबर घातला, गोळ्या दिल्या. काच दुपारच्या जीपने गेली. गोळ्यांनी ताप उतरला.

दोन दिवसांनी बारकीने झाडू भिंतीला टेकवला आणि विचारलं, "बाय, चिमीचा रिपोट आला का?"

वसुमतीबाईंनी पडद्यावर पाहिलं. "नाही आला."

"मंग?"

"आला नाही म्हणजे काही निघालं नाही गं. निघालं असतं तर लगेच आलं असतं."

हे त्या खोटं बोलत नव्हत्या. दवाखान्याची रीतच तशी पडली होती. निरोगी काचांचे निकाल आले तरी कुणी वाचत नसे, आणि काही काचा फुटत, काही धड पसरलेल्या नसत, त्यामुळे दोनचार नंबर नेहमीच कमी पडत. पॉझिटिव्ह आला की धावायचं, नाही आला की सुटका. पुढच्या सोमवारी बारकीने पुन्हा विचारलं. पोरीला रात्री थंडी वाजते म्हणाली. वसुमतीबाईंनी पुन्हा पडदा पाहिला. पुन्हा तेच सांगितलं. वर म्हणाल्या, "दिवस गेलेल्या बाईला असं होतं कधीकधी. तिला नाचणीची पेज दे."

त्या गुरुवारी बारकी कामावर आली नाही. आली ती दुपारी, खाटेमागून धावत. खाट जावयाने आणि भिका नावाच्या शेजाऱ्याने खांद्यावर घेतली होती. चिमी खाटेवर होती. डोळे उघडे, पण आईला ओळखत नव्हती. वाटेत तिला झटका येऊन गेला होता.

डॉक्टरांचा तो दिवस नव्हता. मुक्ताने सलाईन लावलं, वसुमतीबाईंनी जीपवाल्याला काचा राहू दे म्हणून ओरडून सांगितलं, आणि सगळे जीपमध्ये कोंबून बसले. डहाणूपर्यंत बारकी पोरीचं डोकं मांडीवर धरून तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली. तेवढंच.

हॉस्पिटलात शैलेश स्वतः रक्त घ्यायला आला. नाव लिहिताना तो थबकला. "चिमी? तलासरी? हिचं तर मी गेल्याच आठवड्यात पॉझिटिव्ह दिलंय. जंतू चांगले दाट होते. डोस चालू नाही केला तुम्ही?"

"दिलंस?" वसुमतीबाईंना आपला आवाज परका वाटला. "आलं नाही."

"असं कसं नाही आलं? टाकलंय मी."

"नाही आलं, शैलेश. मी रोज पाहते. हिच्या आईने दोनदा विचारलं, दोनदा पाहिलं."

"मग तुमच्या पाहण्यात चूक असेल. चला, दाखवतो." त्याने लॅबमध्ये नेऊन पडद्यावर दाखवलं. चिमीचं नाव, काचेचा नंबर, निकाल, आणि त्यापुढे वेळ: चारला दोन कमी. वसुमतीबाईंना दिसलं की शैलेश खरं बोलतो आहे. आपणही खरं बोलतो आहोत. मग पोरीचा रिपोर्ट गेला कुठे? तारेतून वाटेत पडला?

बारकी दाराशी उभी होती. तिने दोघांचं बोलणं ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी घरी चूल पेटली नाही. सूर्यकांतरावांनीच चहा केला. वसुमतीबाईंनी सगळं सांगितलं, आणि शेवटी रागाने म्हणाल्या, "वर तो मला म्हणतो, हल्ली चारच्या आधी फोन करता. म्हणजे कामचुकार मी!"

"चारच्या आधी?" सूर्यकांतरावांनी कप खाली ठेवला. "तो कोणतं घड्याळ बघतो?"

"मला काय माहीत! रेडिओवर लावतो म्हणे."

"आणि तू?"

त्यांची मान नकळत स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे वळली.

"आमच्याकडे रोज दुपारी चारला कंट्रोल ऑफिसकडून वेळ मिळते," ते हळूच म्हणाले. "सगळी स्टेशनं एकदम घड्याळ जुळवतात. माझं घड्याळ थोडं चुकीचं असलं तर एक वेळ चालेल गं, पण माझं आणि पुढच्या घोलवड स्टेशनचं वेगवेगळं असून चालत नाही. इथून गाडी सुटली कधी आणि तिथं पोचली कधी, काही मेळच लागायचा नाही."

वसुमतीबाई उठल्या आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मोरपीस, त्यांच्या मनात आलं. मोरपीस ठेवते मी. पण कोणत्या पानावर?

सकाळी तलासरीला गेल्या गेल्या त्यांनी डहाणूला फोन लावला. "शैलेश, भांडायला नाही फोन केला. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आत्ता किती वाजलेत ते नीट वाचून सांग."

त्याने सांगितलं. त्यांनी आपल्या पडद्यावर पाहिलं. दहा मिनिटं.

मग त्यांनी बोटावर मोजावं तसं मनाशी मोजलं. आपला फोन संपतो, तेव्हा डहाणूत चारला चार कमी असतात. आपलं यंत्र मात्र लिहून ठेवतं की चार वाजून सहा मिनिटांपर्यंतचं सगळं घेतलं. शैलेश त्यानंतर टाइप करायला बसतो. चारला दोन कमी, चार वाजता, चार वाजून तीन. दुसऱ्या दिवशी आपलं यंत्र मागतं चार-सहाच्या पुढचं. डहाणूचं यंत्र प्रामाणिकपणे पुढचं तेवढं देतं. मधलं कुणी मागतच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. न वाचलेल्या पानांवरून मोरपीस पुढे सरकलेलं.

आणि त्या दहा मिनिटांत शैलेश काय टाइप करतो? डॉक्टरीणबाईंनी सही केलेल्या काचा. फक्त पॉझिटिव्ह. कधी त्याला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला, की उरलेले एकदोन तेवढे निसटून इथं पोचायचे. म्हणून तर कुणाला शंका आली नाही.

मुक्ता विणायच्या सुया हातात धरून पाहत होती. "ताई, काय झालं? पांढऱ्या पडलात."

"मलेरिया कमी झाला नव्हता गं," वसुमतीबाई म्हणाल्या.

यतीन दुपारपर्यंत वापीहून मोटरसायकलवर आला, भिजून चिंब. नेहमीची बडबड नाही. त्याने पडदा पाहिला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग खुर्चीत मागे रेलला. "मासी, घड्याळ तुम्ही पुढे केलं, पण गलती माझी पण आहे. ही वेळ मी तुमच्या घड्याळातून घ्यायलाच नको होती. निकालावर शिक्का डहाणूच्या घड्याळाचा, आणि खूण तलासरीच्या घड्याळाची. दोन घड्याळं कधी एक असतात का? आज दहा मिनिटं, नाहीतर उद्या सेल मंद होऊन दोन."

"मागे असतं तर?"

"मागे असतं तर काही गेलं नसतं. तेच निकाल दुसऱ्यांदा आले असते. तुम्ही मला फोन करून शिव्या दिल्या असत्या आणि मी दुरुस्त केलं असतं. पुढे होतं, म्हणून आवाजच झाला नाही."

त्याने प्रोग्राम बदलला. आता यंत्र आपल्या घड्याळाकडे पाहणारच नव्हतं; डहाणूहून आलेल्या शेवटच्या निकालावर जी वेळ असेल, तीच खूण म्हणून ठेवणार होतं. शिवाय रोज त्या खुणेच्या थोडं मागून मागणार होतं, आणि काचेचा नंबर पाहून आधी आलेले निकाल गाळणार होतं. "दोन पानं पुन्हा वाचली तर काय बिघडतं?" तो म्हणाला. मग त्याने खूण थेट जुलैच्या सुरुवातीला नेऊन ठेवली आणि बटण दाबलं.

प्रिंटर बराच वेळ खरखरत राहिला. वसुमतीबाई एकेक नाव वाचत होत्या. त्यातली बरीच माणसं त्यांनी परवा-तेरवा बाजारात पाहिली होती. तुक्या, विहिरीवरचा. काकड्याची सून. दोन शाळकरी मुलं. चिमीचं नाव मध्येच कुठेतरी.

पुढचे दिवस मुक्ता आणि त्या जीपने पाडे फिरल्या. बहुतेक जण भेटले. काहींचा ताप आपोआप गेला होता, काही अंथरुणाला खिळले होते. काकड्याची सून हळदीसारखी पिवळी पडली होती. दोन घरांना कड्या होत्या, माणसं उंबरगावच्या बोटींवर कामाला गेलेली. त्यांचा ठावठिकाणा शोधायला वसुमतीबाईंनी भिकाला पाठवलं. डोस देताना लोक विचारत, इतक्या उशिरा कसं? मुक्ता म्हणायची, कॉम्प्युटर बिघडला होता. वसुमतीबाई गोळ्या मोजत राहायच्या. कॉम्प्युटर बिघडला नव्हता. त्याला जे सांगितलं, ते त्याने केलं होतं.

चिमी आठव्या दिवशी आईला नावाने हाक मारू लागली. मूल मात्र राहिलं नाही. मुलगा होता.

वसुमतीबाई हॉस्पिटलात गेल्या तेव्हा बारकी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. त्या शेजारी फरशीवर बसल्या. सगळं सांगितलं: स्टूल, काटा, दहा मिनिटं. बारकीने शेवटपर्यंत ऐकलं. तंबाखूची पुडी काढली, उघडली नाही.

"घड्याल मला काय कलत नाय बाय," ती म्हणाली. "स्टूल मीच धरलेला. मी दोनदा इचारला. तुम्ही बोललात, आला नाय म्हंजे बरा हाय. तेवढा बोलाया नको होता. ‘नाय ठाऊक’ असा बोलायचा."



भिंतीवरचं घड्याळ त्यांनी त्याच आठवड्यात बरोबर केलं. घरचंही. रोज सकाळी शैलेशला फोन करून वेळ विचारायचा नेम धरला. यतीन म्हणाला आता त्याची गरज नाही, तरी सोडला नाही. आणि रिपोर्ट पाहायची रीत उलटी केली: आले किती ते नंतर, आधी आलं नाही कुणाचं ते. जो नंबर दोन दिवसांत आला नाही, त्यासाठी डहाणूला फोन. शैलेश कुरकुरायचा, "ताई, निगेटिव्ह आहे हो, काच फुटली होती," आणि त्या म्हणायच्या, "तसं तोंडाने सांग."

बारकी कामावर परत आली. झाडू, फरशी, सलाईनच्या बाटल्या, सगळं पूर्वीसारखं. वसुमतीबाईंशी बोलायची ती कामापुरतं. बाय म्हणायचं सोडलं. "ओ," म्हणायची.

मार्गशीर्षात एकदा रिपोर्टच्या फोनाफोनीत वसुमतीबाईंना उशीर झाला. भिंतीवरचं घड्याळ आता कुणाला घाबरवत नव्हतं. त्या स्टँडवर पोचल्या तेव्हा पाचच्या एस.टी.चा धुरळा तेवढा दिसला. मुक्ता रजेवर. पुढची गाडी नाही. थंडी पडू लागली होती. हायवेकडून ट्रकांचा आवाज येत होता.

बारकी पाटी डोक्यावर घेऊन घरी निघाली होती. ती थांबली.

"गेली?"

"गेली."

"इथं उभ्या राहून काय करतांव? जीप सकालशिवाय येत नाय." ती चालू लागली, मग मागे न पाहता म्हणाली, "चला."

वसुमतीबाई तिच्या मागून शेताच्या बांधावरून गेल्या. इतक्या वर्षांत त्या बारकीच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. पोस्टातून सूर्यकांतरावांना निरोप द्यायला हवा होता, हे त्यांना अर्ध्या वाटेत आठवलं. मग भिकाने सायकलवर जाऊन डहाणू स्टेशनला फोन लावला.

घराच्या ओट्यावर चिमी तांदूळ पाखडत होती. हाडं दिसत होती तिची. वसुमतीबाईंना पाहून तिचं सूप थांबलं. आत जाईल, असं त्यांना वाटलं. ती उठली, आत गेली, आणि कोऱ्या चहाची वाटी घेऊन बाहेर आली. दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर ठेवली.

"बरी आहेस का?" त्यांनी विचारलं.

चिमीने आईकडे पाहिलं. बारकी चुलीत लाकूड सारत होती.

"रातचे थंडी वाजते कधीकधी," चिमी म्हणाली.

वसुमतीबाईंनी उचललेली वाटी खाली ठेवली. थंडीचे दिवस होते, सगळ्यांनाच वाजत होती. तसं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"मला ठाऊक नाही कशाने ते," त्या म्हणाल्या. "उद्या माझ्याबरोबर ये. काच घेऊ. आणि निकाल मी डहाणूला फोन करून तोंडाने विचारते, तुझ्यासमोर."

चूल धूर करत होती. बारकीने फुंकणी बाजूला ठेवली आणि डोळे पुसले, धुरानेच असेल.

"चहा पिया, बाय," ती म्हणाली. "गार होते."